कर्णातला फरक आणि टाइल्सचं कटिंग: खोली गुण्यात नसेल तर किती टाइल्स वाढतात?

प्रश्न: सांगलीत विश्रामबागला घर बांधतोय. १२ बाय १४ ची बेडरूम आहे, गिलावा झालाय, आता २ बाय २ च्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवायच्यात. मिस्त्री म्हणतात, खोली गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत, दोन कर्णांत जवळपास दोन इंचांचा फरक आहे, दोन पेट्या जास्त आणा. दोन इंचांनी दोन पेट्या कशा वाढतात? आणि कर्ण मी स्वतः कसा तपासू?

उत्तर:

मिस्त्रींनी कर्ण मोजला हे चांगलंच केलं. पण किती टाइल्स वाढतील हे नुसत्या कर्णांच्या फरकावरून सांगता येत नाही. त्यासोबत चारही बाजूंची मापं लागतात. तोच दोन इंचांचा फरक एका आकाराच्या खोलीत एकही टाइल वाढवत नाही आणि दुसऱ्या आकाराच्या खोलीत पेटी वाढवतो. त्यामुळे आधी खोलीचा आकार नक्की कसा बिघडलाय ते ओळखायचं, मग पेट्यांचा हिशेब करायचा.

गुण्या लावून हे का कळत नाही, ते आधी पाहू. मिस्त्रींच्या गुण्याची भुजा फार तर दोन फुटांची. चौदा फुटांत दीड इंच तिरकी असलेली भिंत दोन फुटांत जेमतेम पाच मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन सूत सरकलेली दिसते. गिलाव्याचा खडबडीतपणा आणि कोपऱ्यात साठलेला माल तेवढा असतोच. म्हणून गुण्या "ठीक आहे" म्हणतो आणि फरशी समोरच्या भिंतीपाशी पोचली की पाचर उघडी पडते. कर्ण मात्र पूर्ण खोलीची चूक एकदम दाखवतो.

मोजायची पद्धत अशी. चारही कोपऱ्यांत जमिनीलगत गिलाव्याचे ओघळ आणि वाळलेला माल पटाशीने खरवडून काढा, कोपरा नीट टोकदार दिसला पाहिजे. माप टाइलच्या वरच्या पातळीच्या आसपास घ्या. तीन फुटांवर घेतलेलं माप इथे उपयोगाचं नाही, कारण भिंत ओळंब्यात नसेल तर खाली आणि वर वेगळी मापं येतात. दोन माणसं हवीत. टेपचा आकडा, म्हणजे टोकाचं लोखंडी नाक, कोपऱ्यात नीट बसत नाही. म्हणून एकाने टेपवरची १०० मिलिमीटरची खूण कोपऱ्यावर धरायची, दुसऱ्याने टेप ताणून वाचायचं आणि आलेल्या मापातून १०० वजा करायचे. मग माणसांनी जागा बदलायच्या आणि तोच कर्ण पुन्हा मोजायचा. दोन वाचनांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त तफावत आली तर कोपरा अजून साफ नाही किंवा टेपला मध्ये झोळ पडलाय. दोन्ही कर्णांना टेप एकच वापरा. टेप स्वतः मिलिमीटर-दोन मिलिमीटर चुकीची असली तरी दोन्ही कर्णांत सारखीच चुकेल आणि फरक बरोबर निघेल.

त्यानंतर चारही भिंतींची लांबी घ्या आणि रुंदी मधोमध एकदा जास्तीची मोजा. शेवटी प्रत्येक भिंतीच्या दोन्ही टोकांना एकाच जाडीचे दोन ठोकळे धरून त्यांवरून दोरी ताणा आणि तसाच तिसरा ठोकळा मध्ये सरकवून बघा. ठोकळा दोरीखाली अडकला तर भिंतीला पोट आहे, मोकळा सुटला तर भिंत आत दबलेली आहे. हे कर्णाला कळत नाही, तो फक्त चार कोपरे ओळखतो. साताऱ्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांत दगड-मातीच्या भिंती असतात, तिथे कर्ण जुळूनही मधली भिंत इंचभर पुढे आलेली सापडते. तिथे दोरीचंच माप खरं धरायचं.

आता तुमच्या खोलीसारख्या खोलीचा हिशेब पूर्ण करून बघू. विटकामाच्या आत १२ बाय १४ फूट, म्हणजे ३६५८ बाय ४२६७ मिलिमीटर. दोन्ही बाजूंचा गिलावा जाऊन उरलं ३६२० बाय ४२२२. समजा, दोन्ही रुंद्या ३६२० आल्या, दोन्ही लांब्या ४२२२ आल्या, एक कर्ण ५५८५ आणि दुसरा ५५३८. फरक ४७ मिलिमीटर, म्हणजे एक इंच सात सूत. मिस्त्री ज्याला "जवळपास दोन इंच" म्हणतात ते हेच.

पण भिंत ४७ मिलिमीटर तिरकी नाही. खोली एका बाजूला कलली की एक कर्ण वाढतो आणि दुसरा घटतो, त्यामुळे फरकात चूक दोनदा मोजली जाते. शिवाय कर्ण भिंतीला तिरपा जातो. खरा तिरकेपणा असा काढायचा:

तिरकेपणा = कर्णांतला फरक × सरासरी कर्ण ÷ (२ × रुंदी)

इथे ४७ × ५५६० ÷ ७२४० = ३६ मिलिमीटर. म्हणजे दारातून आत बघितलं तर डावी-उजवी भिंत समोरच्या टोकाला पोचेपर्यंत ३६ मिलिमीटर एकाच बाजूला सरकलेली आहे. हे सूत्र समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील तेव्हाच लावायचं.

समोरासमोरच्या बाजू सारख्या पण कर्ण वेगळे, म्हणजे खोली समांतरभुज चौकोन झालीय. बाजूही सारख्या आणि कर्णही सारखे, म्हणजे खोली खरोखर गुण्यात. आणि फसवणारा प्रकार तिसरा: दाराकडची रुंदी ३६२०, समोरची ३६५६, दोन्ही भिंती बाहेर १८-१८ मिलिमीटर पसरलेल्या. या खोलीचे दोन्ही कर्ण तंतोतंत सारखे येतात! "कर्ण जुळला, खोली गुण्यात" असं म्हणून काम सुरू झालं तर ३६ मिलिमीटरची पाचर शेवटच्या ओळीतच समोर येते. म्हणून बाजू न मोजता नुसता कर्ण मोजणं अर्धवट आहे.

आता टाइल्स. ६०० मिलिमीटरची टाइल आणि २ मिलिमीटरचा सांधा धरला, तर रुंदीत सहा टाइल्स आणि पाच सांधे मिळून ३६१० होतात, दोन्ही भिंतींशी पाच-पाच मिलिमीटरची फट राहते. लांबीत सात टाइल्स आणि सहा सांधे ४२१२ होतात, तिथेही पाच-पाच मिलिमीटर राहतात. म्हणजे ही खोली गुण्यात असती तर ४२ पूर्ण टाइल्स, एकही कटिंग नाही. ३६ मिलिमीटरच्या तिरकेपणाने नेमकं हेच गणित मोडतं.

पहिला मोह होतो तो डाव्या कोपऱ्यात पूर्ण टाइल ठेवून सुरुवात करण्याचा. दाराच्या भिंतीला गुण्यात धरून ओळी नेल्या, तर उजवी भिंत शेवटी ३६ मिलिमीटर लांब गेलेली असते, तिथे शून्यापासून ३६ पर्यंत वाढणारी पाचर भरावी लागते. आणि डावी भिंत तेवढीच आत आलेली असते, तिथल्या टाइल्स छाटाव्या लागतात. ३६ मिलिमीटरच्या आतली पाचर व्हिट्रिफाइड टाइलमधून सरळ निघत नाही. ग्राइंडर टोकाकडे गेला की ती मोडते, दोन-तीन टाइल्स तशाच वाया जातात. निघालीच तर तिच्याखाली माल नीट दाबला जात नाही, पट्टी पोकळ राहते आणि नंतर हलते. अशा वेळी मिस्त्री ती फट ग्राउटने किंवा सिमेंटने भरतात. ती वर्षभरात काळी पडते आणि खोलीत शिरल्या शिरल्या नजर तिथेच जाते.

दुसरा मोह डाव्या भिंतीला समांतर ओळ लावण्याचा. मग डावी-उजवी दोन्ही बाजूंना पूर्ण टाइल्स बसतात, पण तिरकेपणा जात नाही, फक्त जागा बदलतो. तो दाराच्या भिंतीवर येतो, ३६ × ३६२० ÷ ४२२२, म्हणजे ३१ मिलिमीटर. दारातच, उंबऱ्याच्या सरळ कडेला लागून, तिरकी पट्टी. तीच चूक पलंगामागे गेली असती तर कुणाला दिसलीही नसती. म्हणून आधारदोरी दाराच्या भिंतीशी समांतर ठेवणंच योग्य. दाराला ग्रॅनाइटचा उंबरा असेल तर या खोलीच्या ओळी हॉलच्या ओळींशी जुळवायची गरज पडत नाही, फक्त उंबऱ्याशी त्या समांतर हव्यात.

योग्य मांडणी अशी: रुंदीत सहाऐवजी पाच पूर्ण ओळी मध्ये घ्यायच्या आणि दोन्ही भिंतींशी अर्ध्या टाइलच्या आसपासचे तुकडे ठेवायचे. पाच टाइल्सचे ३००० आणि सहा सांध्यांचे १२, शिवाय भिंतींशी १०, हे वजा केले की दोन तुकड्यांना मिळून ५९८ मिलिमीटर उरतात. डावा तुकडा दाराशी ३१७ वरून समोर २८१ पर्यंत घटत जातो, उजवा २८१ वरून ३१७ पर्यंत वाढत जातो. ३०० मिलिमीटरच्या तुकड्यात प्रत्येक टाइलला पाच मिलिमीटरचा उतार डोळ्याला कळत नाही. तोच उतार ५० मिलिमीटरच्या पट्टीत पहिल्या नजरेत कळतो. म्हणून भिंतीलगतचा तुकडा टाइलच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा लहान ठेवू नये.

आता पेट्यांचा प्रश्न. या समांतरभुज खोलीत प्रत्येक आडव्या ओळीत दोन तुकडे लागतात आणि दोघांची बेरीज कुठेही ५९८ च असते, कारण खोलीची रुंदी कुठेही ३६२० च आहे. ग्राइंडरची डायमंड चकती साधारण २ मिलिमीटर खाते. म्हणजे ६०० ची एक टाइल एका तिरक्या रेघेत कापली की दोन्ही तुकडे तिच्यातूनच निघतात. पहिल्या ओळीसाठी टाइलच्या डाव्या कडेपासून एका टोकाला २८१ आणि दुसऱ्या टोकाला २८६ खुणा करून त्या जोडा आणि कापा. डावीकडचा तुकडा उजव्या भिंतीशी जातो, उरलेला ३१७ वरून ३१२ होणारा तुकडा डाव्या भिंतीशी. उतारही दोघांना लागतो तसाच पडतो आणि कंपनीची सरळ कड दोन्हीकडे सांध्याशी येते, कापलेली कड स्कर्टिंगखाली जाते. तुकडे फिरवावे लागत नाहीत, त्यामुळे शिरांची दिशा असलेल्या टाइलमध्येही हे चालतं.

म्हणजे सात ओळींत ३५ पूर्ण आणि कटिंगसाठी ७, एकूण ४२. खोली गुण्यात असती तरी ४२ च लागल्या असत्या. वाढलं ते कटिंग: शून्याऐवजी १४ तुकडे आणि सात मोठे छेद. ६०० बाय ६०० ची पेटी सहसा चार नगांची असते, त्यामुळे ११ पेट्यांत ४४ टाइल्स येतात. जोडीतला एक तुकडा फुटला की बहुतेक वेळा पूर्ण नवी टाइल कापावी लागते, म्हणून दोन नगांची सोय कमी पडते. १२ पेट्या घ्या. त्यापुढची तेरावी या खोलीला लागत नाही.

आता तीच ३६ मिलिमीटरची चूक दुसऱ्या आकारात बघा. डावी भिंत गुण्यात, पण उजवी बाहेर गेलेली, दाराकडे रुंदी ३६२० आणि समोर ३६५६. कर्ण येतात ५५८५ आणि ५५६१, फरक फक्त २४ मिलिमीटर, म्हणजे आधीच्या निम्मा. कागदावर ही खोली जास्त चांगली वाटते, पण टाइल्स हीच जास्त खाते. कारण इथे दोन तुकड्यांची बेरीज ५९८ वरून ६३४ पर्यंत वाढत जाते, आणि पहिल्याच ओळीपासून जोडी एका टाइलमधून निघत नाही. डावे तुकडे सगळे २९५ चे ठेवले तर एका टाइलमधून दोन निघतात. सात तुकड्यांना चार टाइल्स. उजवे तुकडे ३०३ वरून ३३९ पर्यंत जातात, प्रत्येकाला स्वतंत्र टाइल, म्हणजे सात, आणि उरलेल्या अर्ध्या भागाचा उपयोग स्कर्टिंगलाच. ३५ + ४ + ७ = ४६. चार टाइल्स म्हणजे पूर्ण एक पेटी वाढली. टाइलला एकाच दिशेची नक्षी असेल आणि अर्धा तुकडा उलटा फिरवून लावता येत नसेल, तर डाव्या सातांनाही सात टाइल्स जातात आणि आकडा ४९ वर पोचतो. अशा टाइलसाठी फुटतूट धरून मिस्त्रींच्या दोन पेट्या खऱ्या ठरतात.

म्हणून त्यांच्याशी बोलताना "दोन इंच" सोडा आणि दोन्ही टोकांच्या रुंद्या समोर ठेवा. त्या सारख्या असतील तर एक पेटी पुरेल, वेगळ्या असतील तर वरच्या पद्धतीने ओळीगणिक तुकड्यांची बेरीज करून बघा. ६०० मधून चकतीचे दोन मिलिमीटर वजा केल्यावर ती बसते की नाही, यावरच सगळं ठरतं. बेरीज ५९८ पेक्षा थोडीच जास्त असेल, उदाहरणार्थ ६०५, तर भिंतीशी फट पाचऐवजी आठ-नऊ मिलिमीटर ठेवून ती ५९८ वर आणता येते. स्कर्टिंगची टाइल आणि तिच्यामागचा माल मिळून साधारण १५ मिलिमीटर झाकतात. मात्र स्कर्टिंग गिलाव्यात खोचून भिंतीच्या पातळीत घेणार असाल तर ही सवलत नाही, मग फट पाचच्या वर जाऊ देऊ नका. याच झाकणामुळे पूर्ण खोलीत १० मिलिमीटरपर्यंतचा तिरकेपणा नुसता फटीत जिरवता येतो, त्यासाठी मांडणी बदलायची गरज नसते.

काम सुरू करताना मधली आधारदोरी दाराच्या भिंतीशी समांतर मारा आणि तिच्यावर काटकोनात दुसरी दोरी ३-४-५ ने काढा. इथे तीन-चार-पाच फुटांवर थांबू नका. ९००-१२००-१५०० मिलिमीटर घेतलं आणि १५०० च्या मापात दोन मिलिमीटर चुकलं, तर ४२२२ च्या लांबीवर जवळपास १२ मिलिमीटरचा फेर पडतो. १८००-२४००-३००० घेतलं तर तेवढ्याच चुकीचा फेर सहावर येतो. तुमच्या खोलीत हा मोठा त्रिकोण सहज बसतो. नाहीतर खोलीच्या तिरकेपणावर दोरीचा तिरकेपणा चढतो आणि तुकड्यांची बेरीज कुठल्याच ओळीत जुळत नाही.

दोऱ्या मारल्यावर माल कालवण्याआधी टाइल्सची एक आडवी आणि एक उभी ओळ स्पेसरसकट कोरडी मांडा. आडव्या ओळीत दोन्ही भिंतींशी उरलेली जागा दाराजवळ, मध्ये आणि समोर अशी तीन ठिकाणी मोजा आणि ती मापं भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवा. सातही तुकडे एकदम एकाच मापाने कापून ठेवायची घाई होऊ देऊ नका. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांचं माप जागेवर घेऊनच कापायचं, कारण भिंतीला कुठे तीन-चार मिलिमीटरचं पोट असलं तर ते तिथेच सांभाळलं जातं.

बाकीच्या खोल्यांचा गिलावा अजून राहिला असेल तर तिथे कर्ण आजच, विटकामावरच मोजा. विटकामात १०-१२ मिलिमीटरचा तिरकेपणा निघाला तर गिलाव्याची जाडी एका टोकाला थोडी वाढवून तो काढता येतो. ३६ मिलिमीटर गिलाव्यात लपवायला जाऊ नका, एवढा जाड थर भिंत सोडतो. तिथे वरच्यासारखी टाइलची मांडणीच बदलावी लागेल.

आणि पेट्या घेताना सगळ्या एकदम घ्या. पेटीवरचा बॅच आणि शेडचा नंबर सारखा आहे ना, ते दुकानातच बघा, कारण नंतर आणलेल्या एका पेटीचा रंग किंवा माप मिलिमीटरभर वेगळं आलं तर ती त्याच ओळीत बसत नाही. काम झाल्यावर उरलेल्या पूर्ण टाइल्स परत न करता माळ्यावर ठेवा.